आठवड्याचे चार तास आणि तीन छंद

सलमान खान (पडद्यावरचा नव्हे, गणिताचा) २००४ साली अमेरिकेत एका गुंतवणूक कंपनीत विश्लेषक होता. नादिया ही त्याची नात्यातली बहीण दुसऱ्या शहरात राहायची. तिचं गणित अडलं म्हणून तो फोनवरून तिला शिकवू लागला. हळूहळू इतर नातेवाइकांची मुलंही मागे लागली, तेव्हा प्रत्येकाला तेच पुन्हा सांगत बसण्याऐवजी २००६ साली त्याने धडे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. नोकरी सोडली ती २००९ मध्ये. म्हणजे जी पुढे 'खान अकॅडमी' म्हणून जगभर गाजली, तिची पहिली काही वर्षं ऑफिसातून आल्यावर उरलेल्या वेळात गेली.

ते जमलं कसं, हे त्याचे जुने व्हिडिओ पाहिले की कळतं. काळा पडदा, त्यावर रंगीत अक्षरं आणि एक आवाज. त्यात चेहरा नाही, त्यामुळे प्रकाशयोजना नाही, कपड्यांची चिंता नाही. सोडवता सोडवता बोलायचं, की दहा मिनिटांत धडा तयार. त्याने निवडलेला विषय त्याला येणारा होता, हे खरंच. पण तो स्वस्तात, म्हणजे थोड्या वेळात, तयार होणारा होता हे जास्त महत्त्वाचं.

नवं चॅनल काढणारे बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात. 'मला सर्वांत जास्त काय आवडतं?' असा प्रश्न ते स्वतःला विचारतात. त्याआधी विचारायला हवं, की या विषयाचा एक व्हिडिओ किती तास खातो?

उदाहरणादाखल ठाण्यात राहणारी, मुंबईत नोकरी करणारी एखादी बाई घेऊ. तिला गड-किल्ल्यांचं वेड आहे, जुन्या मराठी चित्रपटगीतांची जाण आहे आणि घराच्या ग्रिलमध्ये पंधरा-वीस कुंड्या आहेत. लोकल, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास वजा जाता आठवड्याला हाताशी राहतात जेमतेम चार तास.

किल्ल्याचा हिशेब आधी. पहाटे निघायचं, रात्री परतायचं. अख्खा रविवार गेला. मोबाइलमध्ये पन्नास-साठ तुकडे साठतात. त्यांतले निम्मे वाऱ्याच्या आवाजाने वाया गेलेले असतात आणि उरलेले पाहून, कापून, जोडायला आणखी सात-आठ तास लागतात. तिच्या गतीने एक व्हिडिओ म्हणजे महिना. त्यात एप्रिल-मे उन्हामुळे बाद.

गाण्यांचं दुखणं वेगळं. गाण्याचा तुकडा वाजवला, की यूट्यूबची 'कंटेंट आयडी' ही यंत्रणा तो ओळखते. मग त्या व्हिडिओच्या जाहिरातींचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात, किंवा व्हिडिओच अडवला जातो. गाणं न वाजवता गाण्यावर बोलणं शक्य आहे, पण त्यासाठी वाचन आणि खातरजमा लागते, आणि त्यात आठवड्याचे चार तास कधी संपले ते कळत नाही.

राहिल्या कुंड्या. चित्रीकरण घरातच, पाऊण तासात होणारं. एडिटिंगला दोन तास, थंबनेल आणि शीर्षकाला अर्धा. बसलं चार तासांत! एक अडचण मात्र कागदावर दिसत नाही: ती घरी पोचते तेव्हा आठ वाजून गेलेले असतात आणि ट्यूबलाइटमध्ये पिवळं पडलेलं पान आणि हिरवं पान सारखंच दिसतं. म्हणून चित्रीकरण रविवारी सकाळीच, आणि एका बैठकीत दोन व्हिडिओंचं. एडिटिंग रात्री, दोन हप्त्यांत.

पण 'बागकाम' हा काही निवडलेला विषय झाला नाही. त्या नावाने आधीच शेकडो चॅनल आहेत, आणि त्यांतल्या अनेकांकडे गच्ची आहे, ऊन आहे आणि दिवसभराचा वेळही आहे. ठाण्याच्या या बाईकडे त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आहे: दिवसाला दोन-तीन तासच ऊन येणारं ग्रिल. टोमॅटोला रोजचं सहा तास तरी ऊन लागतं, त्यामुळे गच्चीवाल्यांचा सल्ला तिथे चालत नाही. पुदिना चालतो, ओवा चालतो, कढीपत्ता जगतो पण लांबुडका होतो. शहरातल्या असंख्य फ्लॅटांची हीच परिस्थिती आहे. 'कमी उन्हाच्या ग्रिलमधली बाग' हा खरा विषय.

तो तपासायचा कसा? यूट्यूबच्या शोधपेटीत 'कढीपत्ता' एवढंच लिहून थांबावं. खाली जे पर्याय उमटतात, ते लोकांनी प्रत्यक्ष शोधलेले असतात. मग निकालांमध्ये लहान चॅनल पाहावीत. हजारभर सबस्क्रायबर असलेल्या चॅनलच्या एखाद्या व्हिडिओला वीस हजार व्ह्यूज दिसले, तर तो प्रश्न विचारणारे खूप आहेत आणि उत्तरं कमी पडताहेत असं समजायला हरकत नाही. शेवटी वहीत वीस शीर्षकं लिहून काढावीत. 'कढीपत्त्यावर पिठ्या ढेकूण पडला तर', 'पावसाळ्यात कुंडीत पाणी साचतं तेव्हा', 'पुदिना बाजारातल्या जुडीपासून' अशी, एका व्हिडिओत एकाच प्रश्नाचं उत्तर देणारी. आठव्या शीर्षकालाच पेन अडलं, तर विषय फार अरुंद आहे किंवा आपली माहिती तोकडी आहे.

यातला पिठ्या ढेकणाचा व्हिडिओच बघा. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब भांडी घासायचा लिक्विड साबण, फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनेही, आठवड्याने पुन्हा. सांगायला चार मिनिटं पुरतात. आणि आठवड्याने त्याच झाडाचं काय झालं, हा आपोआप दुसरा व्हिडिओ होतो. असे जोडव्हिडिओ देणारा विषय वेळ नसलेल्या माणसाला फार सोयीचा.

मग किल्ले त्याच चॅनलवर अधूनमधून टाकले तर? मोह होतो. पण पुदिन्यासाठी आलेला माणूस राजमाचीवर बहुधा टिचकी मारत नाही, आणि नव्याने आलेल्याला हे चॅनल कशाबद्दल आहे हेच उमगत नाही. शिवाय एखादा छंद कॅमेऱ्याविना राहू द्यावा, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे. गडावर जाऊन सारखं फ्रेमचाच विचार करणाऱ्यांना आजूबाजूला काय आहे ते फारसं दिसत नाही.

सहा-सात व्हिडिओ झाल्यावर यूट्यूब स्टुडिओ उघडावा. तिथला एक आलेख पहिल्या तीस सेकंदांनंतर किती जण टिकले ते दाखवतो, आणि दुसरीकडे लोक कोणते शब्द शोधून आले त्याची यादी मिळते. ही यादी म्हणजे पुढच्या व्हिडिओंचे विषय, फुकट मिळालेले. मात्र ऐंशी-नव्वद जणांनीच पाहिलेल्या व्हिडिओच्या टक्केवारीवरून निष्कर्ष काढू नयेत. दोन मैत्रिणींनी शेवटपर्यंत पाहिलं तरी आलेख बदलतो. प्रत्येक व्हिडिओला प्रत्यक्षात लागलेले तासही लिहून ठेवावेत. चाराचे सहा होत असतील, तर व्हिडिओचा साचा सोपा करायला हवा.

पैशांचं गणितही आधीच माहीत असलेलं बरं. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं. शॉर्ट्स फीडमधलं पाहणं त्यात धरत नाहीत; त्यांची अट वेगळी आहे. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एका प्रेक्षकाने सरासरी चार मिनिटं पाहिलं, तर ६०,००० व्ह्यूज. महिन्याला तीन व्हिडिओ केले, तर वर्षाला छत्तीस. म्हणजे प्रत्येकाला साधारण सतराशे व्ह्यूज लागतील. लोक वर्षभर शोधत राहतात अशा प्रश्नांवर हे घडू शकतं. पण पहिल्याच वर्षी घडेल असं धरून कुणी कॅमेरा आणि माइक हप्त्यांवर घेऊ नये.

चॅनलच्या नावावरूनही लोक आठवडेच्या आठवडे अडून बसतात. यूट्यूबवर नाव नंतर बदलता येतं, चौदा दिवसांत दोनदा. तेव्हा येत्या रविवारी सकाळी, ऊन ग्रिलमध्ये आहे तोवर, पहिले दोन व्हिडिओ उरकून घ्यावेत.