तापमाने ओलांडली की ‘एफ’ का घसरतो

शेल अँड ट्यूब हीट एक्स्चेंजरमध्ये एक द्रव नळ्यांमधून वाहतो, दुसरा नळ्यांभोवतीच्या शेलमधून. दोघे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने गेले तर उष्णता सर्वांत कमी पृष्ठभागात पार होते. आकारमान ठरवताना दोन्ही टोकांच्या तापमानफरकांवरून लॉगरिदमिक सरासरी काढतात, ती याच सरळ विरुद्ध प्रवाहासाठी असते.

कारखान्यातले बहुतेक एक्स्चेंजर मात्र असे सरळ नसतात. नळीतल्या द्रवाला पुरेसा वेग मिळावा म्हणून त्याला एकदा नेऊन पुन्हा परत आणतात. यू आकाराच्या नळ्यांत तर दोन पास आपोआपच होतात. शेलमधला द्रव एकाच दिशेने जात असल्याने नळ्यांच्या एका पासात प्रवाह विरुद्ध असतो आणि दुसऱ्यात सोबतचा. या मिश्रणामुळे तापमानफरकाची जी घट होते ती करेक्शन फॅक्टर, म्हणजे ‘एफ’, दाखवतो. सरासरी फरकाला एफने गुणले की प्रत्यक्ष हाती येणारा फरक मिळतो. एफ निम्म्यावर आला तर पृष्ठभाग दुप्पट लागतो. बोमन, म्युलर आणि नॅगल यांनी 1940 मध्ये अनेक रचनांसाठी एफचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांच्या नमुन्याचे आलेख आजही पाठ्यपुस्तकांत भेटतात.

एक उदाहरण घेऊ. शेलमधले गरम तेल 120 अंशांवरून 80 वर येते आणि नळ्यांतले बॉयलरचे पाणी 40 अंशांनी तापते. दोन्ही प्रवाह सारखीच उष्णता वाहू शकतात, म्हणून विरुद्ध प्रवाहात फरक सगळीकडे एकच राहतो आणि हिशेब सोपा होतो. पाणी 30 वरून 70 वर गेले तर फरक 50 अंश आणि एफ 0.88. ते 40 वरून 80 वर, म्हणजे तेल ज्या तापमानाला बाहेर पडते तिथवरच गेले, तर फरक 40 आणि एफ 0.80. आता पाणी 50 वरून 90 वर न्यायचे आहे. बाहेर पडणारे पाणी बाहेर पडणाऱ्या तेलापेक्षा 10 अंशांनी गरम. तापमाने ओलांडणे म्हणतात ते हेच. फरक 30 आहे, पण एफ 0.53 वर कोसळतो आणि हाती 16 अंशच उरतात. 40 ते 80 च्या कामाला 32 मिळत होते, म्हणजे पृष्ठभाग दुप्पट झाला. शुद्ध विरुद्ध प्रवाहात तो एक तृतीयांशानेच वाढला असता.

कारण एक्स्चेंजरच्या आतच दिसते. तेल जिथून बाहेर पडते त्याच टोकाला पाणी आत येते आणि दुसऱ्या पासातून तिथेच परत येते असे धरू. त्या टोकाशी तेल 80 अंशांवर आहे आणि परतलेले पाणी 90 वर. म्हणजे दुसऱ्या पासाच्या अखेरच्या भागात पाणीच तेलाला तापवते. मिळवलेली उष्णता तिथे परत जाते, आणि ती भरून काढायला बाकीच्या नळ्यांनी जास्त काम करायचे. पाण्याचे तोंड दुसऱ्या टोकाला ठेवले तरी एकूण हिशेब तेवढाच येतो. नळ्यांचे पास चार किंवा सहा केल्यानेही सुटका होत नाही. सोबतचा प्रवाह उरतोच.

खरा धोका एफच्या आकड्यापेक्षा त्याच्या उतारात आहे. आपल्या उदाहरणात येणारे पाणी 51 अंशांचे झाले आणि त्याला 91 वर न्यायचे ठरवले, तर एफ 0.44 होतो आणि लागणारा पृष्ठभाग सुमारे पाव वाढतो. हे एका अंशाने. 52 वरून 92 तर कितीही नळ्या घातल्या तरी शक्य नाही. सूत्राची मर्यादा 51.7 च्या आसपास संपते. म्हणूनच 0.8 किंवा फार तर 0.75 च्या खाली जायचे नाही, हा डिझाइनरांचा नेम आहे. शिवाय एफच्या सूत्रात शेलमधला द्रव प्रत्येक ठिकाणी पूर्ण मिसळलेला आणि उष्णता जाण्याचा दर सर्वत्र सारखा धरलेला असतो. बॅफलभोवतीची गळती हे गृहीतक मोडते, आणि उतार तीव्र असलेल्या जागी एवढेसे मोडणेही महागात पडते. पृष्ठभाग वाढवला, नळ्या साफ केल्या, तरी पाण्याचे तापमान वर सरकत नसेल, तर संशय घ्यावा तो इथे.

उपाय म्हणजे दोन शेल एकापाठोपाठ जोडणे. पहिल्यात तेल 120 वरून 100 वर येते आणि पाणी 70 वरून 90 वर जाते. दुसऱ्यात तेल 100 वरून 80 वर आणि पाणी 50 वरून 70 वर. कोणत्याच शेलमध्ये तापमाने ओलांडत नाहीत, आणि एफ 0.92 होतो. हाती 16 ऐवजी 27 अंशांहून अधिक फरक येतो, म्हणजे दोन्ही शेल मिळूनही पृष्ठभाग आधीच्या सुमारे 58 टक्केच लागतो. एकाच शेलमध्ये आडवा पडदा घालून त्यालाही दोन पास देता येतात, पण पडद्याच्या कडांतून तेल झिरपले तर हा फायदा कमी होतो. जागा आणि पाइपिंगचा खर्च पाहून यांतला एक पर्याय निवडतात.