फोटोवरून व्यंगचित्र : नाक वाढवा, पण माणूस हरवू नका

गोराईत बंगला भाड्याने घेऊन साखरपुडा किंवा वाढदिवस करणारी मंडळी हल्ली पाहुण्यांना भेट म्हणून व्यंगचित्र मागतात. फोटो मोबाइलवर येतो आणि दुकानदार तो एआयच्या चित्र-साधनाला देऊन लिहितो, "याचे व्यंगचित्र कर." मग सर्वांना एकच चेहरा मिळतो : डोके मोठे, धड लहान, दात बाहेर. गिऱ्हाईक म्हणते, "हे आमचे मामू नव्हेत."

कारण साधे आहे. काय वाढवायचे ते आपण सांगितलेच नाही, म्हणून यंत्राने आपल्या सवयीचे वाढवले. सुझन ब्रेनन यांनी 1980च्या दशकात संगणकावर व्यंगचित्रे काढली, तेव्हा त्यांची रीत अशी होती की, चेहऱ्याची तुलना सरासरी चेहऱ्याशी करायची आणि जो फरक दिसेल तोच वाढवायचा. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांत इंदिरा गांधींचे नाक लांब असे, कारण ते मुळातच उठून दिसणारे होते.

समजा, निवृत्त होणाऱ्या एका गृहस्थांचा फोटो आला आहे. उभट चेहरा, जवळजवळ जुळलेल्या जाड भुवया, हसताना एका बाजूला वर जाणारी मिशी. गालावर जुन्या जखमेचा व्रणही आहे. भुवया आणि मिशी घ्यावी, व्रणाला हात लावू नये. जखम, आजार, रंग, वजन यांवरचे हसू माणसाला टोचते. मजकूर असा असावा :

```
या फोटोवरून रेखाचित्र-शैलीत व्यंगचित्र कर.
भुवया बऱ्याच जाड व जवळ दाखव. मिशीचे
उजवे टोक अधिक वर ने. डोळ्यांतील अंतर,
नाक, हनुवटी, वय व त्वचेचा रंग फोटोप्रमाणेच
ठेव. चेहऱ्यावर प्रसन्न हसू असू दे.
```

"उजवे" म्हणजे चित्रातले की त्या माणसाचे, यात यंत्राची गफलत होते. तेवढे पाहून घ्यावे. "दीडपट" असे आकडे घालण्यातही फारसा अर्थ नाही, ते मापून काढत नाही. "थोडे", "बरेच" हे शब्द बदलून पाहावेत.

या मजकुरातली "फोटोप्रमाणेच ठेव" ही ओळ लोक विसरतात. ओळख बहुधा तिच्यावरच टिकते. दोन-तीन गोष्टी वाढवल्या की बाकीचा चेहरा जागेवर राहायला हवा. सहा गोष्टी वाढवल्या तर कशाच्या तुलनेत काय मोठे, हेच कळत नाही.

दुरुस्ती एका वेळी एकच करावी, आणि ती बिघडलेल्या चित्रावर नव्हे, तर पुन्हा मूळ फोटोवरून. चित्रावर चित्र काढत गेल्यास चौथ्या खेपेला भलताच माणूस उभा राहतो. शेवटी चित्र टपाल तिकिटाएवढे करून घरातल्या एखाद्याला नाव न सांगता दाखवावे. त्याने लगेच ओळखले तर छापायला हरकत नाही. ज्याचे चित्र आहे त्याची संमती मात्र आधीच घ्यावी. भेट गुपित ठेवायची असेल, तर निदान त्याच्या घरच्यांना विचारावे.