बल अचानक काढलं, तर वजन उडी मारतं का?

स्प्रिंगला एक वजन टांगलेलं आहे आणि घर्षण नाही असं धरू. वजन स्थिर असताना त्याच्यावर 1 एकक बल लावलं आणि π सेकंदांनी एकदम काढून घेतलं. वस्तुमान आणि स्प्रिंगचा स्थिरांक दोन्ही 1 धरले, तर समतोल जागेपासूनचं अंतर y या समीकरणातून मिळतं:

```
y'' + y = 1   (0 ≤ t < π)
y'' + y = 0   (t ≥ π)
y(0) = 0, y'(0) = 0
```

गैरसमज: बल तुकड्यांत दिलं असेल, तर लाप्लास ट्रान्सफॉर्मशिवाय गत्यंतर नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असं गणित दिसलं की मुलं थेट लाप्लासच्या तक्त्याकडे वळतात. पण इथे दोन साधी समीकरणं आहेत आणि दोन्ही सोडवायला आपण आधीच शिकलेलो असतो. पहिल्या तुकड्यात सुरुवातीच्या अटी घातल्या की y = 1 − cos t मिळतं. बल काढण्याच्या क्षणी वजन कुठे आहे आणि किती वेगाने चाललंय, हे त्यातून काढायचं. y(π) = 2, आणि y' = sin t असल्यामुळे y'(π) = 0. म्हणजे वजन सगळ्यात लांबच्या टोकाला पोहोचून क्षणभर थांबलंय.

दुसऱ्या तुकड्यात y = A cos t + B sin t. π ला हेच 2 आणि 0 यायला हवेत, म्हणून −A = 2 आणि −B = 0. उत्तर y = −2 cos t. झालं गणित.

पडताळा ऊर्जेने घेता येतो. 1 एकक बलाने वजन 2 एकक अंतर हलवलं, म्हणजे 2 एकक कार्य केलं. नंतरच्या 2 आम्प्लिट्यूडच्या आंदोलनाची ऊर्जा ½ × 2², म्हणजे तीही 2.

गैरसमज: बल तुटलं, म्हणजे उत्तरही तिथे तुटणार.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून कारण नीट पाहू. समीकरण y'' = f − y असं लिहा आणि π च्या थोडं आधीपासून थोडं नंतरपर्यंत इंटिग्रेट करा. डावीकडे त्या इवल्याशा काळात वेग किती बदलला ते मिळतं. उजवीकडे f − y आहे. f ची किंमत 1 वरून 0 वर पडली, तरी ती मर्यादितच आहे. मर्यादित गोष्टीचं शून्याकडे जाणाऱ्या काळातलं इंटिग्रल शून्याकडेच जातं. म्हणून वेगाला उडी मारता येत नाही, आणि वेग अखंड असेल तर जागाही अखंडच राहते. y आणि y' दोन्ही जुळवायची ती याचसाठी.

उडी मारतं ते त्वरण. π च्या आधी y'' = cos t, म्हणजे −1 कडे जातं. नंतर y'' = 2 cos t, म्हणजे −2. फरक −1, बलात पडला तेवढाच. म्हणून y'' सुद्धा जुळवायला जाऊ नका. अज्ञात दोन असतात, अटीही दोनच हव्यात.

गैरसमज: दुसऱ्या तुकड्यालाही t = 0 च्याच अटी लागतात.

परीक्षेच्या घाईत होणारी ही चूक आहे. y(0) = 0, y'(0) = 0 दुसऱ्या तुकड्यात घातलं की A = B = 0 येतं, म्हणजे 2 वर असलेलं वजन क्षणात 0 वर पोहोचतं! उत्तरात अशी उडी दिसली, की चूक इथेच शोधा. ती टाळायला τ = t − π घ्या. दुसरा तुकडा मग y = y(π) cos τ + y'(π) sin τ असा सरळ लिहिता येतो, A आणि B शोधावेच लागत नाहीत.

पद्धतीला मर्यादाही आहे. बलाऐवजी हातोडीचा ठोका असेल, म्हणजे डेल्टा फंक्शन, तर वर म्हटलेली मर्यादितपणाची अट मोडते. तिथे y अखंड राहतो, पण y' मध्ये ठोक्याच्या आवेगाइतकी उडी घ्यावी लागते (वस्तुमान 1 आहे म्हणून). समीकरणाच्या उजव्या बाजूला f' असेल, तरीही f तुटतो तिथे हीच काळजी घ्यावी लागते. आणि बल वीस वेळा चालू-बंद होत असेल, तर एकोणीस-वीस वेळा जुळवत बसण्यापेक्षा लाप्लास खरोखरच सोयीचा.

बल काढण्याची वेळ बदलली की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. π ऐवजी 2π ला काढलं, तर त्या क्षणी y = 0 आणि y' = 0, म्हणून वजन तिथेच कायमचं थांबतं. आता π/2 ला काढून पाहा. τ = t − π/2 घेऊन दोन ओळींत उत्तर येईल, आणि आम्प्लिट्यूड √2 यायला हवा.