मधोमध अक्षर नसलेली विलोमपदे

‘रामाला भाला मारा’ हे वाक्य शेवटून सुरुवातीकडे वाचले तरी तेच राहते. मराठी घरांत मुलांना अशी विलोमपदे आवडीने सांगितली जातात. संगणकाच्या अभ्यासक्रमात आणि नोकरीच्या मुलाखतींत हाच खेळ थोडा अवघड करून विचारतात: लांबलचक मजकूर दिला आहे, त्यात दडलेले सर्वांत लांब सलग विलोमपद शोधा.

सरळसोट उपाय म्हणजे मजकुराचा प्रत्येक तुकडा घेऊन तो उलटसुलट सारखा आहे का हे पाहणे. पण हजार अक्षरांच्या मजकुरात असे ५,००,५०० तुकडे निघतात आणि प्रत्येक तुकडा तपासायला पुन्हा वेगळी तुलना करावी लागते. त्यातली बरीचशी मेहनत फुकट जाते, कारण विलोमपदाची दोन्ही टोके छाटली तर उरलेला भागही विलोमपदच असतो. म्हणून शोध टोकांपासून नव्हे, मध्यापासून सुरू करावा. एक जागा मध्य मानायची, तिच्या डावीकडचे आणि उजवीकडचे अक्षर जुळते का पाहायचे, जुळले तर दोन्हीकडे एकेक घर पुढे जायचे. पहिली विसंगती दिसली की तिथे थांबायचे, कारण त्या मध्याभोवती याहून लांब विलोमपद असूच शकत नाही.

इथपर्यंत कोणाचेच चुकत नाही. चूक होते ती मध्य निवडताना.

‘हे नव वन सरस’ हे वाक्य घेऊ. मधल्या मोकळ्या जागा काढल्या की हे, न, व, व, न, स, र, स अशी आठ अक्षरे उरतात. प्रत्येक अक्षराला मध्य मानत गेले तर शेवटून दुसऱ्या ‘र’भोवती दोन ‘स’ जुळतात आणि ‘सरस’ हाती लागते, लांबी ३. पहिल्या ‘व’च्या एका बाजूला ‘न’ आहे, दुसऱ्या बाजूला ‘व’, म्हणजे तिथे काही जमत नाही. दुसऱ्या ‘व’चेही तेच. आठही अक्षरे तपासून झाली आणि उत्तर आले ‘सरस’. ते चूक आहे. खरे उत्तर ‘नववन’, लांबी ४. त्याच्या मधोमध अक्षरच नाही. त्याचा मध्य दोन ‘व’ंच्या फटीत आहे. सम लांबीच्या प्रत्येक विलोमपदाचे असेच असते. त्यामुळे आठ अक्षरांबरोबर त्यांच्यामधल्या सात फटीही तपासाव्या लागतात: एकूण १५ मध्य. हजार अक्षरांसाठी १,९९९.

ही चूक घातक अशासाठी की प्रोग्रॅम अडखळत नाही, तक्रार करत नाही. तो एक खरेखुरे विलोमपद दाखवतो, फक्त ते सर्वांत लांब नसते.

```python
def pasarav(s, l, r):
    while l >= 0 and r < len(s) and s[l] == s[r]:
        l, r = l - 1, r + 1
    return l + 1, r

best = (0, 0)
for i in range(len(s)):
    for l, r in (pasarav(s, i, i), pasarav(s, i, i + 1)):
        if r - l > best[1] - best[0]:
            best = (l, r)
```

`(i, i)` म्हणजे अक्षरावरचा मध्य, `(i, i + 1)` म्हणजे फटीतला. `l + 1` का, हेही पाहण्यासारखे आहे. लूप थांबतो तेव्हा दोन्ही बाजू विलोमपदाच्या एक घर बाहेर गेलेल्या असतात. डावी बाजू परत आत आणावी लागते. उजवीला हात लावायचा नाही, कारण पायथनमध्ये `s[l:r]` लिहिले की `r` वरचे अक्षर धरलेच जात नाही.

मराठी मजकुराला आणखी एक खाचखळगा आहे. ‘नवजीवन’ हे पाच अक्षरी विलोमपद या प्रोग्रॅमला दिले, तर उत्तर येते नुसते ‘न’. संगणकाने ‘जी’ हे ‘ज’ आणि दीर्घ वेलांटी अशा दोन चिन्हांत साठवलेले असते. तो त्या शब्दात पाच नव्हे, सहा चिन्हे मोजतो आणि ‘ज’ची तुलना वेलांटीशी करत बसतो. म्हणून आधी मजकुराची डोळ्यांना दिसणारी अक्षरे वेगळी करून त्यांची यादी बनवायची आणि ती यादी `s` म्हणून द्यायची; बाकीचा कोड जसाच्या तसा चालतो. जोडाक्षरांकडे मात्र लक्ष हवे. युनिकोडच्या जुन्या नियमांनी ‘ळ्या’चे ‘ळ्’ आणि ‘या’ असे दोन तुकडे पडत. ते एकसंध ठेवण्याचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, तेव्हा अक्षरे तोडणारी लायब्ररी त्याआधीची नाही ना, हे तपासावे.

असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्याला निदान दोन शब्द घालून पाहावेत: फटीसाठी ‘नववन’ आणि वेलांटीसाठी ‘नवजीवन’.