सर्व्हो मोटरवर चालणारा रोबोटिक हात

सर्व्हो मोटरवर चालणारा रोबोटिक हात हे लहान वस्तू उचलून दुसऱ्या जागी ठेवणारे संगणक-नियंत्रित यंत्र होय. मानवी हाताप्रमाणे त्याला खांदा, कोपर आणि मनगट असे सांधे असतात. प्रत्येक सांध्यावर एक सर्व्हो मोटर बसवलेली असते आणि टोकाला वस्तू पकडणारा चिमटा असतो. वस्तू कोठे आहे हे ठाऊक असताना प्रत्येक सांधा किती अंशांत वळवावा, हे काढण्याच्या गणिताला इन्व्हर्स किनेमॅटिक्स म्हणजेच व्यस्त शुद्धगतिकी असे म्हणतात. सांध्यांचे कोन दिलेले असताना चिमट्याचे स्थान काढणे हा याच्या उलट आणि तुलनेने सोपा प्रश्न आहे.

## सर्व्हो मोटर

सर्व्हो मोटरच्या पेटीत एक छोटी विद्युत मोटर, वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चक्रे, दांड्याचा कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर आणि नियंत्रक मंडल असते. मोटरला साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक विद्युत स्पंद पाठवला जातो. स्पंदाच्या रुंदीवरून दांड्याने कोणत्या कोनात थांबावे हे ठरते. १८० अंश फिरणाऱ्या अनेक मोटरींत ही रुंदी सुमारे ५०० ते २५०० मायक्रोसेकंद असते. दांडा त्या कोनात खरोखर पोहोचला की नाही, हे मोटर बाहेरच्या संगणकाला कळवत नाही. कोन मोजणे आणि तो दुरुस्त करणे हे तिचे आतले काम असते.

## उदाहरण : कॅरमची सोंगटी उचलणे

समजा, हाताचा खांदा फळ्यापासून ७५ मिमी उंचीवर आहे. खांदा ते कोपर आणि कोपर ते मनगट ही अंतरे प्रत्येकी १०० मिमी असून मनगटापासून चिमट्याचे टोक ९० मिमी अंतरावर आहे. तळाच्या मध्यापासून सोंगटी x = १२० मिमी, y = ९० मिमी येथे ठेवलेली आहे. चिमटा सरळ खाली रोखून त्याचे टोक फळ्यापासून ५ मिमी उंचीवर आणावयाचे आहे. यासाठी मनगट सोंगटीच्या नेमके वर ९५ मिमी उंचीवर, म्हणजे खांद्यापेक्षा २० मिमी उंच असले पाहिजे.

प्रथम तळाची मोटर सोंगटीच्या दिशेला ३६.९ अंशांत वळवली जाते. त्यामुळे तीन मितींचा प्रश्न एका उभ्या प्रतलात येतो. या प्रतलात मनगट खांद्यापासून आडवे १५० मिमी आणि उभे २० मिमी अंतरावर असते. खांदा, कोपर आणि मनगट यांच्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू माहीत असल्याने त्याचे कोन कोसाइनच्या नियमाने मिळतात. पुढील ओळींत z ही मनगटाची उंची, h ही खांद्याची उंची आणि L1, L2 या दोन भागांच्या लांब्या आहेत.

```
r = sqrt(x*x + y*y)
dz = z - h
c = (r*r + dz*dz - L1*L1 - L2*L2) / (2*L1*L2)
elbow = -acos(c)
shoulder = atan2(dz, r) - atan2(L2*sin(elbow), L1 + L2*cos(elbow))
wrist = -pi/2 - shoulder - elbow
```

येथे c = ०.१४५ येतो. खांदा आडव्या रेषेच्या वर ४८.४ अंश, कोपर सरळ स्थितीपासून खाली ८१.७ अंश आणि मनगट आणखी खाली ५६.८ अंश वळवावे लागते. तिन्ही कोनांची बेरीज उणे ९० अंशांच्या जवळ येते (फरक केवळ दशांशाच्या पूर्णांकनाचा), म्हणजे चिमटा सरळ खाली रोखलेला आहे, हा गणिताचा पडताळा होय.

कोपराचे चिन्ह धन घेतल्यास दुसरे उत्तर मिळते. त्यात कोपर मनगटाच्या खाली, फळ्यापासून अवघ्या २० मिमी उंचीवर येते आणि तेथील मोटर फळ्याला घासण्याची शक्यता असते. म्हणून टेबलावरील कामासाठी कोपर वर ठेवणारे उत्तर निवडतात. c चे मूल्य १ पेक्षा जास्त आल्यास वस्तू हाताच्या आवाक्याबाहेर आहे असे समजावे. acos मोजण्यापूर्वी ही तपासणी न केल्यास आज्ञावलीत निरर्थक संख्या येते.

## शून्य कोनाची जुळणी

गणित अचूक असूनही चिमटा बहुधा प्रथम सोंगटीवर बसत नाही. गणितातील शून्य अंश आणि मोटरचा शून्य अंश एकच नसणे हे याचे मुख्य कारण होय. मोटरच्या दांड्यावर दाते असतात आणि त्यावर बसणारी पट्टी दात्यादात्यानेच सरकवता येते. २५ दात्यांच्या दांड्यावर एक दाता म्हणजे १४.४ अंश. त्यामुळे पट्टी जास्तीत जास्त काळजीने बसवली, तरी ७ अंशांपर्यंतचा फरक राहू शकतो.

वरील उदाहरणात खांद्याचा कोन केवळ ५ अंशांनी जास्त असला, तर चिमट्याचे टोक सुमारे १३ मिमी वर आणि ६ मिमी पुढे जाते. सोंगटीची जाडी ७ ते ९ मिमी असल्याने चिमटा तिच्या वरच हवेत मिटतो. कोन तितकाच कमी असल्यास तो फळ्यावर आदळतो. चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेने आणि जवळपास सारखीच होत असेल, तर दोष सूत्रात नसून जुळणीत असण्याची शक्यता अधिक असते.

यावरील उपाय म्हणजे प्रत्येक सांध्यासाठी दोन मोजमापे घेणे. गुण्या लावून सांधा नेमका ० अंशांत आणि नंतर नेमका ९० अंशांत आणतात, आणि त्या वेळच्या स्पंदरुंदी p0 व p90 नोंदवतात. मधल्या कोनांसाठी पुढील सूत्र वापरतात.

```
pulse = p0 + (p90 - p0) * angle / 90
```

समजा, खांद्यासाठी p0 = ५६० आणि p90 = १५१० मायक्रोसेकंद मिळाले. मग ४८.४ अंशांसाठी १०७१ मायक्रोसेकंदांचा स्पंद लागतो. ५०० ते २५०० ही ठरावीक मर्यादा गृहीत धरली असती, तर १०३८ मायक्रोसेकंद पाठवले गेले असते. ३३ मायक्रोसेकंदांचा हा फरक येथे सुमारे ३ अंशांचा, म्हणजे टोकाशी सुमारे ९ मिमीचा आहे.

## भार आणि वाकणे

जुळणीनंतर उरणारी चूक बहुतांशी भारामुळे येते. कॅरमची सोंगटी सुमारे ५ ग्रॅमची असते. हात आडवा पूर्ण लांबवला असता तिचा खांद्यावरील पीळ केवळ ०.१ किग्रॅ-सेंमी असतो. याउलट कोपरावरील ५५ ग्रॅमची मोटर, टोकाजवळील १०० ग्रॅमचे मनगट व चिमटा, आणि प्रत्येकी ४० ग्रॅमचे दोन भाग यांचा पीळ मिळून सुमारे ३.३५ किग्रॅ-सेंमी होतो. हात प्रामुख्याने स्वतःचेच वजन उचलत असतो. त्यामुळे ४.८ व्होल्टवर १.८ किग्रॅ-सेंमी पीळ देणारी एसजी९० ही ९ ग्रॅमची मोटर अशा खांद्याला पुरत नाही. एमजी९९६आर या मोटरचा पीळ त्याच व्होल्टेजला ९.४ किग्रॅ-सेंमी असतो. मात्र ही दोन्ही मूल्ये मोटर अडून थांबण्याच्या क्षणाची असल्याने त्यांच्या निम्म्यापर्यंतच भार धरणे योग्य समजले जाते.

पुरेशी मोटर असली तरी चक्रांमधील ढिलाईमुळे हात किंचित खाली झुकतो. वस्तूकडे नेहमी वरून, एकाच दिशेने उतरल्यास ही ढिलाई दर वेळी एकाच बाजूला राहते आणि तिची भरपाई जुळणीत करता येते. सांधे हलताच नियंत्रक पुन्हा सुरू होत असेल, तर तो गणिताचा दोष नव्हे. अनेक मोटरी एकदम प्रवाह ओढतात, तेव्हा व्होल्टेज कोसळल्याचे ते लक्षण असते. म्हणून मोटरींना वेगळा वीजपुरवठा देऊन केवळ ऋण तार नियंत्रकाशी सामाईक ठेवतात.

## मर्यादा

अशा हाताला वस्तू दिसत नाही. तिचे स्थान त्याला आधी द्यावे लागते किंवा कॅमेऱ्याने मोजावे लागते. हात जवळजवळ सरळ झाला, की कोपर बरेच वळूनही आवाक्यात अगदी थोडाच फरक पडतो, आणि वस्तूच्या अंतरात लहानसा बदल झाला तरी कोन मोठ्या प्रमाणात बदलावा लागतो. त्यामुळे वस्तू कमाल आवाक्याच्या काठावर न ठेवता काहीशी आत ठेवतात. औद्योगिक रोबोंमध्ये प्रत्येक सांध्याचा कोन एन्कोडरने मोजून तो मुख्य नियंत्रकाला परत कळवला जातो. साध्या सर्व्हो मोटरींच्या हातात ही माहिती परत येत नसल्याने त्याची अचूकता प्रामुख्याने आधी केलेल्या जुळणीवर अवलंबून राहते.