थंडीत पांढरी पडणारी बोटे

थंड पाण्यात हात घातल्यावर किंवा फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढल्यावर काही जणांची एक-दोन बोटे अचानक खडूसारखी पांढरी पडतात. पांढरेपणा बोटाच्या मध्यावर किंवा बुंध्याशी संपतो आणि तिथून पुढे त्वचेचा नेहमीचा रंग सुरू होतो. ती सीमा रेघ ओढावी इतकी स्पष्ट असते. बोट बधिर होते, मग निळसर पडते. हाताला ऊब मिळाली की लाल होऊन ठणकू लागते, मुंग्या येतात आणि पंधरा-वीस मिनिटांत पूर्ववत होते. फ्रेंच डॉक्टर मोरिस रेनो यांनी 1862 साली आपल्या प्रबंधात याचे वर्णन केले. डॉक्टर आजही या विकाराला ‘रेनॉड्स’ म्हणतात.

थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावणे स्वाभाविकच आहे. त्यामुळे शरीराची उष्णता आत राखली जाते. रेनॉड्समध्ये हे आकुंचन प्रमाणाबाहेर जाते आणि बोटाची बारीक धमनी जवळपास बंद होते. रक्त थांबले की बोट पांढरे पडते. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की ते निळे दिसते आणि धमनी उघडून रक्त जोराने परतले की लाल होते. प्रत्येकाला तिन्ही रंग दिसतातच असे नाही, पण पांढरा टप्पा ही महत्त्वाची खूण आहे. गडद वर्णाच्या माणसाला तो बोटांच्या पेरांवर आणि नखांखाली अधिक स्पष्ट दिसतो. मानसिक ताणानेही असा झटका येऊ शकतो.

हात गार पडण्याची इतर कारणे या खुणेवरून वेगळी काढता येतात. रक्तक्षय किंवा थायरॉइडची कमतरता असेल तर सगळा हात गार लागतो आणि थंडी सोसवत नाही, मात्र रंगाची अशी सीमा दिसत नाही. काही जणांचे हात थंडीत बराच काळ निळसर आणि घामट राहतात. ते दुखत नाहीत व पांढरेही पडत नाहीत, आणि हा प्रकार सहसा निरुपद्रवी असतो. थंड, दमट हवेनंतर काही तासांनी बोटांवर लाल, सुजलेले, खाजरे चट्टे उठले आणि दिवसेंदिवस टिकले, तर ती हिमदाह नव्हे तर थंडीने आलेली सूज असते. रात्री झोपेत अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होत असतील, तर मनगटात नस दबल्याची शक्यता अधिक.

रेनॉड्स ठरल्यावर खरा प्रश्न उरतो तो त्यामागे दुसरा आजार आहे का, हा. समजा, बावीस वर्षांच्या तरुणीची दोन्ही हातांची बोटे दर हिवाळ्यात पांढरी पडतात, अंगठे बहुतेक वेळा सुटतात, झटका लवकर ओसरतो आणि बोटावर कधी जखम झालेली नाही. डॉक्टर नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब ठेवून भिंगातून तिथल्या केशवाहिन्या पाहतात. त्या बारीक, एकसारख्या असल्या आणि प्रतिकारशक्तीच्या विकारासाठीची रक्ततपासणी निर्दोष आली, तर हा साधा प्रकार आहे. तरुण स्त्रियांमध्ये तोच अधिक आढळतो.

आता पंचेचाळीस वर्षांची स्त्री घ्या. त्रास याच वर्षी सुरू झाला, वेदना तीव्र आहेत, बोटे सुजून त्वचा घट्ट झाली आहे, टोकावर जखम आहे आणि नखाजवळच्या केशवाहिन्या फुगलेल्या किंवा नाहीशा झालेल्या दिसतात. इथे स्क्लेरोडर्माचा संशय घ्यावाच लागतो. या आजारात बोटे पांढरी पडणे हे बहुधा पहिले लक्षण असते, कधी बाकीच्या लक्षणांच्या कित्येक वर्षे आधीचे. ल्यूपसमध्येही हे दिसते.

कामाचाही संबंध असतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हवेच्या दाबावरील हातोड्यांनी चुनखडीचा दगड फोडणाऱ्या कामगारांची बोटे पांढरी पडत असल्याचे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी 1918 मध्ये नोंदवले. ब्रेकर किंवा ग्राइंडर चालवणाऱ्यांना तो धोका आजही आहे. अर्धशिशीची काही औषधे आणि रक्तदाबासाठीची बीटा ब्लॉकर औषधेही झटके वाढवतात, पण ती परस्पर बंद करू नयेत. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषाच्या बोटांना जखमा होऊन चालताना पाय दुखत असेल, तर तो बर्जर रोग असू शकतो. त्यात धमन्या गुठळ्यांनी खरोखरच बुजतात आणि तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय तो थांबत नाही.

साध्या प्रकारात केवळ हातमोजे पुरत नाहीत. छाती-पोट गार पडले तरी बोटांच्या धमन्या आकसतात, म्हणून सगळे अंग उबदार ठेवावे. झटका आल्यावर हात काखेत किंवा कोमट पाण्यात धरावेत. उकळते पाणी आणि शेगडी टाळावी, कारण बधिर बोटाला भाजलेले कळत नाही. झटके वारंवार येत असतील तर डॉक्टर निफेडिपिनसारखी धमन्या सैल करणारी गोळी देतात. एकाच हाताचा त्रास, चाळिशीनंतरची सुरुवात किंवा बोटावरची जखम असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे जावे. ऊब देऊनही बोट पांढरे किंवा काळे-निळेच राहिले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.