मोडीवाचन, टिपण सातवे : कागदावरील सन

रविवारचा सातवा पाठ पुरा झाल्यावर तीन दिवसांनी, बुधवारी, हे टिपण हाती पडावे अशी योजना मुद्दामच केली आहे. कारण पाठात पाहिलेले अरबी अंकवाचक शब्द थोडे विस्मृतीत जाऊन पुन्हा प्रयासाने आठवावे लागले, म्हणजेच ते मनात ठरतात. तेव्हा तक्ता मिटून ठेवावा आणि इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर हे दहा शब्द एकदा कागदावर लिहून मगच पुढे वाचावे.

प्रथम मागील प्रश्नाचे उत्तर. ‘सुहूर सन खमस सबैन व अलफ’ हे सन कोणते, असे विचारले होते. खमस म्हणजे 5, सबैन म्हणजे 70 आणि अलफ म्हणजे 1000, एकूण 1075. एकम आधी, मग दहम, मग शतम, मग सहस्र, हा क्रम ध्यानात असला की शंभराचा शब्द ‘मया’ येथे का नाही, याचा उलगडा आपोआप होतो : शतमस्थानी शून्य आहे आणि शून्याला शब्द नाही. 1075 मध्ये 599 मिळवता 1674 येते. रायगडावरील राज्याभिषेक याच सनाच्या आरंभी झाला.

आता या पाठाचा खरा विषय. सुहूर सन हे मृगसाल आहे, म्हणजे सूर्य मृग नक्षत्री येतो तेव्हा ते पालटते. परंतु कागदावर त्याच्याबरोबर येणारे महिने मात्र हिजरी, चांद्र असतात, आणि तारखेपूर्वीचा ‘छ’ हा त्या चांद्र तारखेचाच संकेत होय. वर्ष सौर आणि महिने चांद्र, या विजोड जोडीमुळेच नवशिक्याची एका वर्षाची चूक होते.

समजा, एका पत्राच्या शेवटी ‘जमादिलाखर, सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे आहे. 1, 60, 100 आणि 1000 मिळून 1161. यात 599 मिळवले तर 1760 आणि 600 मिळवले तर 1761. नियम असा की मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत 600 मिळवावे. म्हणजे प्रश्न उरतो तो जमादिलाखर त्या साली जानेवारीच्या अलीकडे पडला की पलीकडे, एवढाच. जंत्री उघडली तर 1761 चा पहिला दिवस जमादिलावल महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पडलेला दिसतो. तेव्हा जमादिलाखर त्यानंतरचा, आणि पत्र 1761 चे, पानिपतच्या धामधुमीतले ठरते. याच सनाचे जिल्हेज महिन्याचे पत्र मात्र 1760 च्या जुलै-ऑगस्टातले, म्हणजे भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली त्या सुमाराचे. सन तेच, पण इंग्रजी वर्ष निराळे.

यावरून जमादिलाखर म्हणजे नेहमीच जानेवारी असे मात्र गृहीत धरू नये. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी तोकडे असल्यामुळे प्रत्येक महिना दरसाल तितका मागे सरतो, आणि जंत्री पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. त्याच 11 दिवसांतून दुसरा घोटाळाही उपजतो : 1161 हे सन शव्वालात लागले आणि पुढच्या वर्षीच्या शव्वालातच संपले, म्हणून शव्वालाच्या काही तारखा त्या एकाच सनात दोनदा आल्या. असा कागद समोर आला म्हणजे तारखेवर विसंबून चालत नाही. पत्रातील वार, पिकाचा उल्लेख, फौजेचा मुक्काम, यांचीच साक्ष घ्यावी लागते.

वाचताना डोळ्याची फसगत होते ती शब्दांच्या शेपटाशी. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे ‘सबा’ (7) आणि ‘सबैन’ (70), ‘समान’ (8) आणि ‘समानीन’ (80), यांतील भेद शेवटच्या एका-दोन अक्षरांवर राहतो. ‘मया’ आणि ‘मयातैन’ यांची गफलत झाली तर मजकूर तब्बल शंभर वर्षे पुढे जातो. अशी चूक पकडण्याची युक्ती सोपी आहे : पत्रात ज्याचे नाव आले आहे तो इसम निघालेल्या वर्षी हयात होता काय, हे पाहावे.

पुढील पाठापूर्वी एवढे सोडवावे : ‘रजब, सन अर्बा तिसैन मया व अलफ’. त्या सनात 1 जानेवारी जमादिलावलच्या अखेरीस पडते, एवढी माहिती पुरेशी आहे. इंग्रजी वर्ष काढून ठेवावे. उत्तर आठव्या टिपणाच्या आरंभी येईल, आणि त्या महिन्यात पुण्यात मराठेशाहीतील कोणता मोठा सरदार निवर्तला, हेही तेथेच पाहू.